भाडेकरू बदलताना रंगकाम आणि किरकोळ दुरुस्त्या: कंत्राटदाराला काम कसे समजावून द्यावे

जुना भाडेकरू गेला आहे, नवा ठरलेल्या तारखेला येणार आहे आणि मधल्या रिकाम्या दिवसांत घर रंगवून घ्यायचे आहे, अशा वेळी पहिल्यांदाच घर भाड्याने देणारा मालक कंत्राटदाराला बहुधा एवढेच सांगतो, "सगळे घर रंगवून द्या आणि बारीकसारीक दुरुस्त्या बघून घ्या." पुढचे बहुतेक वाद या एका वाक्यातून निघतात. भिंत किती खरवडायची, पुट्टीचे हात किती, दाराच्या चौकटी धरायच्या की नाही, यांतले काहीच त्यात ठरलेले नसते, आणि शेवटचा रंग चढल्यावर खालचे काम झाले की टाळले गेले हे नुसते पाहून ओळखता येत नाही. रंगकामातला मेहनतीचा आणि म्हणून टाळला जाण्याची शक्यता असलेला भाग रंगाच्या खाली असतो. त्यामुळे प्रत्येक थर पुढच्या थराखाली झाकला जाण्यापूर्वी मालकाला पाहता येईल आणि पैशांचे हप्तेही त्याच पाहणीला बांधलेले असतील, अशा रीतीने काम समजावून द्यावे. या लेखात एका छोट्या घराचे उदाहरण घेऊन हीच पद्धत सांगितली आहे.

घर असे धरू: ५ × ३.५ मीटरचा दिवाणखाना, ४ × ३ मीटरची झोपण्याची खोली आणि ३ × २.५ मीटरचे स्वयंपाकघर, उंची सगळीकडे २.८ मीटर. दिवाणखान्याच्या खिडकीखाली ओलीचा डाग आहे, भिंतींत खिळ्यांची भोके आहेत, एक दार खाली घासते, स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो आणि ओट्याच्या कडेचे सिलिकॉन काळे पडले आहे. दोन भाडेकरूंच्या मध्ये १२ दिवस मिळणार आहेत.

कंत्राटदाराला बोलावण्यापूर्वीची पाहणी

सामान गेल्यानंतर दिवसाउजेडी प्रत्येक भिंतीचे एक पूर्ण छायाचित्र आणि प्रत्येक दोषाचे एक जवळचे छायाचित्र काढावे. छायाचित्रांचा उपयोग दोन ठिकाणी होतो. अनामत रकमेचा हिशेब करताना रोजच्या वापराने झालेली झीज आणि भाडेकरूने केलेले नुकसान वेगळे दाखवता येते, आणि कंत्राटदाराला दिलेल्या यादीतल्या प्रत्येक ओळीला पुरावा मिळतो. म्हणूनच नुकसानीची दुरुस्ती यादीत स्वतंत्र ओळीत आणि स्वतंत्र दराने मागावी. ती एकूण रकमेत मिसळली की नंतर वेगळी काढता येत नाही.

यानंतर भिंतींच्या तीन साध्या चाचण्या कराव्यात, कारण कामाचे खरे प्रमाण त्यांवर ठरते. पहिली, तळहाताने भिंत जोरात घासून पाहावी. हाताला पांढरी भुकटी लागली तर जुना थर भुसभुशीत झाला आहे आणि तो खरवडल्याशिवाय किंवा धुऊन काढल्याशिवाय नवा रंग टिकणार नाही. दुसरी, ब्लेडने रंगावर लहानशी फुली मारून तिच्यावर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे निघाले तर त्या भागातला जुना रंग पूर्ण काढावा लागेल. तिसरी चाचणी ओलीची. डागावर साधारण हातभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ तिथे थंड होऊन साचत आहे. पहिल्या प्रकारात पाणी कुठून शिरते ते शोधून बंद करावे लागते, दुसऱ्यात खोलीत हवा खेळती करावी लागते, आणि रंगाने यांतले काहीच होत नाही. ओलीवर मारलेला कोणताही रंग काही महिन्यांत फुगतो, पोपडे धरतो, आणि तोपर्यंत नवा भाडेकरू तिथे राहत असतो.

घर फार जुने असेल, तर तळातल्या रंगांत शिसे असण्याची शक्यता धरावी. तसे असल्यास कोरडी घासाई सुरू होण्यापूर्वी नमुना तपासून घ्यावा, कारण त्या धुळीचा धोका काम करणाऱ्यांना आणि नंतर घरात राहणाऱ्या लहान मुलांना असतो.

कामाची व्याप्ती लिहून देणे

व्याप्ती खोलीनिहाय लिहावी आणि प्रत्येक पृष्ठभागाचा वेगळा उल्लेख करावा: छत, भिंती, दाराची पाने, चौकटी, खिडक्यांचे गज, पाइप. यादीत जे नाही ते कामात नाही, असे कंत्राटदार धरून चालतो, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरही असते. त्यामुळे जे करायचे नाही तेही लिहावे. "कपाटांना आतून रंग नाही, स्नानगृहाच्या टाइल्सना हात लावायचा नाही" अशी दोन वाक्ये दर मागवतानाच लिहिली, तर वेगवेगळ्या कंत्राटदारांचे दर एकमेकांशी ताडून पाहता येतात.

नुसते "दिवाणखाना रंगवणे" असे लिहिण्याऐवजी आपल्या उदाहरणातल्या दिवाणखान्याची नोंद साधारण अशी असावी: "सर्व खिळे, हुक आणि स्विचबोर्डांची झाकणे काढणे. सुटा आणि फुगलेला रंग पक्क्या थरापर्यंत खरवडणे. भोके आणि भेगा भरणे. संपूर्ण भिंतीला पुट्टीचे दोन हात, वाळल्यावर घासाई, धूळ पुसणे. प्रायमरचा एक हात. ठरलेल्या छटेचे इमल्शनचे दोन हात. झाकणे परत बसवणे. झाकणांवर, काचांवर आणि फरशीवर रंगाचे डाग राहणार नाहीत." यातल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून काम झाले की नाही हे विचारता येते. "चांगल्या दर्जाचे काम" या शब्दांवर तसे बोट ठेवता येत नाही, म्हणून ते लिहिले काय आणि न लिहिले काय, सारखेच.

संपूर्ण भिंतीला पुट्टी हवीच असे मात्र नाही. जुना रंग पक्का असेल आणि भोके तेवढीच भरायची असतील, तर भरलेल्या जागा घासून, त्यांवर प्रायमर लावून वर रंगाचे दोन हात पुरतात. वरच्या चाचण्यांत ज्या भिंती उत्तीर्ण झाल्या त्यांच्यासाठी ही कमी खर्चाची पद्धत लिहावी आणि उरलेल्यांसाठी पूर्ण पद्धत. भरलेल्या जागांवरचा प्रायमर मात्र सोडू देऊ नये. पुट्टी भोवतालच्या भिंतीपेक्षा रंग अधिक शोषते, आणि मग प्रत्येक बुजवलेले भोक तिरप्या उजेडात निस्तेज ठिपक्यासारखे दिसत राहते.

काही पृष्ठभागांना वेगळी वागणूक लागते, आणि ती नोंदीत आली नाही तर सरसकट एकच पद्धत वापरली जाते. पाण्याचे पिवळे-तपकिरी डाग आणि धूम्रपानाचा पिवळेपणा पाण्यात विरघळणाऱ्या रंगातून पुन्हा वर येतो, कितीही हात दिले तरी. तिथे डाग रोखणारा विशेष प्रायमर आधी लावावा लागतो. चकचकीत ऑइल पेंटच्या दारांवर घासून चमक घालवल्याशिवाय नवा थर पकड घेत नाही आणि नखाने ओढला तरी निघून येतो. ओलीच्या डागावर लोणा, म्हणजे पांढऱ्या क्षारांचा थर, दिसत असेल, तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतात.

किरकोळ दुरुस्त्यांसाठी प्रत्येक दोषामागे एक ओळ आणि त्या ओळीचा स्वतंत्र दर असावा. "दार दुरुस्त करणे" याऐवजी "झोपण्याच्या खोलीचे दार खाली घासते, वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल आहेत, भोके भरून लांब स्क्रू बसवणे, गरज पडली तरच दाराची कड रंधणे" असे लिहिले, तर सुताराने पहिल्याच झटक्यात दार रंधून कायमचे आखूड करण्याचा प्रसंग टळतो. नळाचा फक्त वॉशर बदलायचा आहे की पूर्ण नळ, हेही आधी पाहून लिहावे. काम सुरू झाल्यावर काही नवे सापडेलच, खरवडताना सुटणारा गिलावा तर बहुधा सापडतोच. म्हणून गिलाव्याचा प्रति चौरस मीटर दर आधीच ठरवून घ्यावा आणि "जादा काम छायाचित्र आणि लेखी मंजुरीशिवाय सुरू होणार नाही" हे वाक्य करारात घालावे. साधा मोबाइल संदेशही लेखी मंजुरी म्हणून चालतो.

माल: प्रमाण, छटा आणि डबे

मालाचे प्रमाण आपण स्वतः काढले, तर उक्त्या दरातली फुगवटही कळते आणि कमी मालात काम उरकण्याचा प्रयत्नही. दिवाणखान्याची परिमिती १७ मीटर, उंची २.८, म्हणजे भिंती ४७.६ चौरस मीटर. दोन दारे आणि खिडकी वजा केल्यावर सुमारे ४२ उरतात. झोपण्याच्या खोलीच्या ३९.२ मधून एक दार आणि खिडकी वजा जाता सुमारे ३५.५ उरतात. स्वयंपाकघरात टाइल्स, दार आणि खिडकी सोडून साधारण १८ धरू. एकूण ९५.५ चौरस मीटर, म्हणजे व्यवहारात ९६. दोन हातांसाठी हे १९२ चौरस मीटर होतात. गुळगुळीत भिंतीवर एक लीटर इमल्शन एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर पुरते. सावधपणे १० धरले तर १९.२ लीटर लागतील, म्हणून २० लीटर मागवावेत. कंत्राटदाराच्या हिशेबात भिंतींसाठी ३० लीटर असतील तर कारण विचारावे, आणि १२ असतील तर त्याहून अधिक काळजीने विचारावे, कारण एवढ्यात एकच हात होईल किंवा रंगात ठरल्यापेक्षा जास्त पाणी पडेल.

भाड्याच्या घरासाठी छटा निवडण्यापेक्षा ती पुन्हा मिळण्याची सोय महत्त्वाची आहे. सर्व खोल्यांच्या भिंतींना एकच फिकट छटा आणि मॅट किंवा अगदी मंद चमकेचा प्रकार घ्यावा. चकाकी जितकी जास्त, तितके नंतर केलेले ठिगळ उठून दिसते. मॅट भिंतीवर पुढच्या वेळी फक्त डाग तेवढे झाकून भागण्याची शक्यता असते. स्वयंपाकघर आणि जिथे सतत हात लागतो अशा जागांपुरता धुता येणारा प्रकार घ्यावा. छटेचा कोड, रंगाचा प्रकार आणि डब्यावरचा बॅच क्रमांक नोंदवून ठेवावा. वेगवेगळ्या बॅचचे डबे आले असतील, तर भिंतीला ब्रश लागण्यापूर्वी ते मोठ्या भांड्यात एकत्र करून घ्यायला सांगावे, म्हणजे एकाच भिंतीवर दोन छटा दिसत नाहीत.

माल कोणी आणावा यावर मतभेद आहेत. रंग आणि प्रायमर मालकाने विकत घ्यावेत, आणि पुट्टी, सँडपेपर, मास्किंग टेप, प्लॅस्टिकचे आच्छादन असा बाकीचा माल कंत्राटदाराने आणावा, ही विभागणी मला सोयीची वाटते. कंत्राटदारच सगळे आणणार असेल, तर डबे सीलबंद आपल्यासमोर उघडावेत आणि रिकामे डबे हिशेब होईपर्यंत जागेवरच ठेवावेत, एवढी अट पुरते.

सिलिकॉनबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहावी. सिलिकॉनवर रंग बसत नाही. चौकट आणि भिंत यांच्यातली जी फट रंगवायची आहे, तिथे रंग धरणारा ॲक्रिलिक सीलंट वापरावा. सिलिकॉन फक्त ओटा, बेसिन अशा ओल्या जागी आणि रंगकाम संपल्यावर भरावे.

वेळापत्रक

रंगकामाचा वेळ हातांपेक्षा वाळण्यात अधिक जातो. माणसे दुप्पट लावली तरी पुट्टी दुप्पट वेगाने वाळत नाही, त्यामुळे "चार दिवसांत करून देतो" असे कोणी म्हटले, तर कोणता थर गाळणार हे विचारावे. कामाचा क्रमही करारात असावा: धूळ आणि पाणी होणारी कामे आधी, छत भिंतींच्या आधी, सिलिकॉन आणि साफसफाई शेवटी.

आपल्या १२ दिवसांची मांडणी अशी होऊ शकते. खिडकीखालच्या ओलीचे कारण चौकटीच्या बाहेरचा फाटलेला सीलंट आहे असे धरू. मग पहिल्याच दिवशी बाहेरून ती फट भरावी आणि आतला पोकळ गिलावा काढून भिंत उघडी करावी, कारण वाळायला सर्वांत जास्त वेळ याच जागेला लागणार आहे. त्याच दिवशी खिळे आणि झाकणे निघतील. दुसऱ्या दिवशी नळ, दार आणि खरवडण्याचे काम होईल. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी पुट्टीचे दोन हात, पाचव्या दिवशी घासाई आणि आपली पाहणी. सहाव्या दिवशी प्रायमर, सातव्या दिवशी छत आणि भिंतींचा पहिला हात, आठव्या दिवशी दुसरा, नवव्या दिवशी दारे-चौकटी. दहाव्या दिवशी झाकणे बसवणे, सिलिकॉन आणि साफसफाई, अकराव्या दिवशी राहिलेल्या दोषांची दुरुस्ती. बारावा दिवस मोकळा ठेवावा. हवा फार दमट किंवा फार थंड असेल, तर हा मोकळा दिवस पुट्टी किंवा रंग वाळण्यातच जाईल, म्हणून नव्या भाडेकरूला घराची चावी देण्याची तारीख त्याच्यानंतरची असावी.

उघडी केलेली जागा या मुदतीत वाळली नाही तर काय, हेही आधीच ठरवावे. सिमेंटच्या जाड नव्या गिलाव्याला पूर्ण पक्का होऊन रंग घेण्यासाठी साधारण २८ दिवस द्यावेत असे मानले जाते, आणि आपल्याकडे तेवढे दिवस नाहीत. अशा वेळी बाकी सगळे घर पूर्ण करून तेवढा तुकडा नीट सपाट करून कोरा सोडावा आणि महिन्याभराने कंत्राटदाराने एका दिवसात येऊन तो रंगवावा, असे करारात लिहावे. नव्या भाडेकरूलाही हे आधी सांगितलेले असावे. छटेचा कोड आणि त्याच बॅचचा रंग हाताशी असल्याने मॅट भिंतीवर हा तुकडा सहसा मिसळून जातो.

पैशांचे टप्पे

हप्ते दिवसांना बांधू नयेत. "दर शनिवारी इतके" अशी मांडणी झाली की काम रखडले तरी पैसे जात राहतात. प्रत्येक हप्ता डोळ्यांनी पाहता येईल अशा टप्प्याला बांधावा. या कामासाठी मी पुढील विभागणी सुचवेन. माल जागेवर पोहोचल्यावर २० टक्के. आगाऊ रक्कम कंत्राटदाराने आणलेल्या मालाच्या किमतीहून फार जास्त नसावी. घासाई झाल्यावर आणि प्रायमर लावण्यापूर्वीची पाहणी उत्तीर्ण झाल्यावर ३० टक्के. रंगाचा दुसरा हात आणि यादीतल्या सर्व दुरुस्त्या पूर्ण झाल्यावर ३५ टक्के. दोषांची यादी निकाली निघाल्यावर १० टक्के, आणि उरलेले ५ टक्के ३० दिवसांनी, कोरा सोडलेला तुकडा रंगवून झाल्यावर आणि ओल परतलेली नाही हे पाहून.

यातला दुसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. "पाहणी झाल्याशिवाय प्रायमर लावायचा नाही" हे वाक्य ठळक अक्षरांत लिहावे, आणि आपणही निरोप मिळाल्यावर त्याच दिवशी जावे, नाहीतर कामगार आपल्यासाठी रिकामे बसतील आणि पुढच्या वेळी कोणी निरोप देणार नाही. पाहणीला जाताना विजेरी घेऊन जावी, ती भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड तिरपा पाडावा. पुट्टीच्या पातीच्या रेघा, खळगे, न घासलेले उंचवटे सगळे सावली टाकून दिसू लागतात. अशा जागांवर पेन्सिलने हलकी खूण करावी. पेनाने केलेली खूण रंगातून वर येते. तळहात फिरवून भुकटी लागते का हेही पाहावे, कारण घासाईची धूळ न पुसता लावलेला प्रायमर भिंतीला चिकटण्याऐवजी धुळीला चिकटतो.

शेवटच्या पाहणीचा निकष मात्र सौम्य ठेवावा आणि तोही आधी लिहून द्यावा: नेहमीच्या दिवसाच्या उजेडात, दीड मीटर अंतरावरून, डोळ्यांना दिसणारा दोष तोच दोष. विजेरीच्या तिरप्या उजेडात कोणतीही हाताने रंगवलेली भिंत निर्दोष दिसत नाही, आणि रंग झाल्यावर तो निकष लावणे कंत्राटदारावर अन्याय होतो. या पाहणीत स्विचबोर्डांच्या कडा, दारांच्या वरच्या कडा, रेडिएटर किंवा पाइपमागची भिंत आणि खिडक्यांचे कोपरे आधी पाहावेत. घाईत काम झाले असेल तर ते इथे दिसते. प्रत्येक दार आणि खिडकी उघडून-मिटून पाहावी, कारण रंगाने चिकटलेली खिडकी पहिल्यांदा नव्या भाडेकरूच्याच लक्षात येते. नळ चालू-बंद करून पाहावा. सिलिकॉनला मात्र भरल्यापासून किमान २४ तास पाणी लागू देऊ नये.

दोषांची यादी एकदाच, पूर्ण आणि लेखी द्यावी. रोज दोन-दोन नवे दोष सांगत राहिल्यास कंत्राटदाराला शेवटच्या १० टक्क्यांची आशा उरत नाही आणि तो दुसऱ्या कामावर निघून जातो. यादीतली ओळ पूर्ण झाली की दोघांनी त्यासमोर सही करावी, शेवटच्या सहीबरोबर १० टक्के द्यावेत आणि पावतीवर राखून ठेवलेले ५ टक्के व ते देण्याची तारीख लिहून घ्यावी. उरलेला लीटरभर रंग लहान डब्यात काठोकाठ भरून घट्ट बंद करावा, झाकणावर छटेचा कोड, बॅच क्रमांक आणि खोल्यांची नावे लिहावीत, आणि डबा उन्हापासून व गोठवणाऱ्या थंडीपासून दूर ठेवावा. ३० दिवसांनी भाडेकरूच्या सोयीची वेळ घेऊन खिडकीखालच्या जागेवर प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा लावावी. एका दिवसानंतर भिंतीकडची बाजू कोरडी निघाली तर तो तुकडा रंगवून घ्यावा आणि ५ टक्के चुकते करावेत. ओली निघाली तर रंग थांबवून बाहेरचा सीलंट आधी पुन्हा तपासायला लावावा.